व्यवसाय कर चुकीचा कापला तर पेरोलला काय लिहायचं?

«पगार २२,५००, तरी बायकोच्या स्लिपवर दर महिन्याला २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स. पेरोलला पत्र कसं लिहायचं?»

आमच्या वहिनींचंही गोकुळ शिरगावच्या कारखान्यात असंच झालं होतं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिलांना महिन्याच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. पुरुषांना मात्र १०,००० च्या वर २०० आणि फेब्रुवारीत ३००. वहिनींच्या नोंदीत लिंगाच्या रकान्यात चक्क ‘पुरुष’ पडलं होतं!

लिहिण्याआधी प्रत्येक स्लिपचा एकूण पगार बघा, हातात पडलेला नव्हे. वहिनींचे एप्रिल ते जुलै ८०० कापले होते, पण जूनमध्ये ओव्हरटाइम धरून पगार २६,१०० झाला होता. त्या महिन्याचे २०० बरोबरच होते, म्हणून मागितले ६००. सगळे ८०० मागितले असते तर अर्ज तिथंच अडकला असता.

मजकूर एवढाच होता:

“माझा कर्मचारी क्रमांक अमुक. एप्रिल, मे आणि जुलैमध्ये माझा एकूण पगार २५,००० च्या आत असूनही प्रत्येकी २०० रुपये व्यवसाय कर कापला गेला आहे. कृपया माझ्या नोंदीतील लिंग तपासून दुरुस्त करावे आणि ६०० रुपये पुढच्या पगारात परत द्यावेत. तिन्ही स्लिपा आणि आधारची प्रत जोडली आहे.”

ईमेलच करा, तोंडी सांगितलेलं कुणाच्या ध्यानात राहतंय? आणि पुढची स्लिप आली की आधी तो रकाना बघा. पैसे परत मिळतात, पण नोंद तशीच राहिली तर पुन्हा २०० जातात.