मदत हवी आहे: मॅक्समिनवाली स्ट्रॅटेजी उत्तरात शून्य टक्के कशी?

मंडळी, उद्या इंटर्नल आहे आणि एका गणितात डोकं चालेना. दोन चहा कंपन्या, एकीने जितका मार्केट शेअर खेचला तितका दुसरीचा गेला, म्हणजे झिरो-सम. अ कडे तीन रो आहेत, ब कडे दोन कॉलम, आकडे अ ला मिळणाऱ्या टक्क्यांचे:

```
            ब: जाहिरात   ब: सूट
जाहिरात          4        -2
सूट             -1         3
फ्री सॅम्पल        0         1
```

रोचे मिनिमम -2, -1, 0, म्हणजे मॅक्समिन 0, तो फ्री सॅम्पलवर. कॉलमचे मॅक्सिमम 4 आणि 3, म्हणजे मिनिमॅक्स 3, सॅडल पॉइंट नाही, इथवर ठीक. मग मिक्स्डमध्ये मी सॅम्पल सोडून 4p-(1-p) = -2p+3(1-p) मांडलं तर p=0.4 आणि व्हॅल्यू 1 आली, ब चे 0.5-0.5, सरांचंही तेच उत्तर आहे, पण त्यांनी सॅम्पल का काढलं ते लिहिलेलंच नाही. ती रो दुसऱ्या कुठल्याही एका रोने डॉमिनेट होत नाही हो, मी दोनदा बघितलं! ब च्या 0.5-0.5 समोर सॅम्पलला 0.5 च मिळतात, एवढं दिसतंय, पण हे उत्तर काढल्यावर कळलं. 40-60 चं मिक्स दोन्हीकडे 1 देतं म्हणून मिक्सने डॉमिनेट होते असं म्हणायचं का? आणि पेपरात कुठली रो उडवायची हे आधीच कसं ओळखायचं, ग्राफ काढून?