'अनुकूली' अपेक्षा, 'विवेकी' अपेक्षा: हे शब्द बरोबर आहेत का?

शब्दवेडी
बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी अर्थशास्त्राच्या नोट्स मराठीत करते आहे. ॲडाप्टिव्ह एक्स्पेक्टेशन्स आणि रॅशनल एक्स्पेक्टेशन्स या दोन संज्ञांपाशी अडले आहे. माझ्याकडे आलेल्या जुन्या नोट्समध्ये 'अनुकूली अपेक्षा' आणि 'विवेकी अपेक्षा' असे शब्द होते, तेच मी पुढे ठेवले. मग चाचणीत एका मुलीने लिहिलं, "लोकांना महागाई अनुकूल वाटते तेव्हा ते अनुकूली अपेक्षा ठेवतात." तिला दोष कसा देऊ? शब्दच तसा आहे.

शिवाय एक वाक्य आहे: धोरण पूर्णपणे आधी ओळखता येत असेल, तर त्याने वास्तव उत्पादन बदलत नाही. ते वाचून वर्ग हसला. सरकारने सांगून केलं तर काहीच होत नाही, मग अर्थसंकल्प कशाला वाचतात, असं मुलं विचारतात. शब्द सुधारले तर हे वाक्य पटेल का?

टीपकागद
पहिला घोळ 'अपेक्षा'पासूनच आहे. स्थळाच्या बायोडेटात शेवटी 'अपेक्षा' म्हणून रकाना असतो ना? नोकरी, उंची, पुण्यात फ्लॅट. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती" असं आई म्हणते. मराठीत अपेक्षा म्हणजे हवं असलेलं काहीतरी, नाहीतर दुसऱ्याने वागावं असं आपल्याला वाटतं ते. 'लोकांना आठ टक्के महागाईची अपेक्षा आहे' हे वाक्य ऐकलं की लोक महागाईची वाट बघत पाटावर बसलेत असं वाटतं. इथे हवा आहे तो 'अंदाज'. किंवा 'होरा', पण त्याला ज्योतिषाचा वास येतो.

जाता जाता: तुलनेचा 'पेक्षा' हा प्रत्ययसुद्धा 'अपेक्षा'तूनच आला. मुळात त्या शब्दात बघणं होतं, मागणी नंतर चिकटली.

'अनुकूली' तर बादच करा. 'मागचं बघून सुधारत नेलेला अंदाज' हा अर्थ त्यातून कुणालाही कळणार नाही.

सडेतोड
'विवेकी' मात्र बरोबर आहे. विवेकी म्हणजे शहाणी माणसं. शहाणी माणसं चुकत नाहीत, सरकारच्या आधीच सगळं ओळखतात, म्हणून सरकारने काही करूच नये. सिद्धान्त एवढाच आहे, उगाच गुंतागुंत करू नका.

खडूफळा
सडेतोड, अर्धं बरोबर बोललात. तुमचं उरलेलं अर्धं मी तीस वर्षं उत्तरपत्रिकांत खोडत आलो आहे.

एक उदाहरण घ्या. घरातलं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे आणि माणसाची सकाळची एसटी रोज चुकते. तो रोज चुकतो आणि रोज एकाच बाजूला चुकतो. दुसऱ्या माणसाचं घड्याळ बरोबर आहे, पण एसटी कधी तीन मिनिटं आधी येते, कधी पाच मिनिटं उशिरा. तोही चुकतो, पण त्याच्या चुकीला ठरावीक दिशा नाही. रॅशनल एक्स्पेक्टेशन्स हा दुसरा माणूस. त्याची चूक शून्य नसते. हाताशी असलेल्या माहितीवरून आधी ओळखता आली असती अशी चूक तो करत नाही, इतकंच. जॉन म्यूथने 1961 मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा त्याच्यासमोर शेतमालाचे भाव होते. 'विवेकी' शब्दाने माणूस संयमी आणि सुज्ञ वाटतो. इथे त्याच्या स्वभावाबद्दल काहीच म्हणायचं नाही.

आता पहिला माणूस. फिलिप केगनने 1956 मध्ये अतितीव्र चलनवाढीच्या अभ्यासात वापरलेली रीत अशी: गेल्या वर्षी अंदाज जितका चुकला, त्याचा काही हिस्सा यंदाच्या अंदाजात मिळवायचा. हिस्सा निम्मा धरू. लोकांचा अंदाज 4 टक्के आहे आणि मध्यवर्ती बँकेने चलन वाढवून महागाई 8 टक्क्यांवर नेऊन तिथेच ठेवली. पहिल्या वर्षी अंदाज 4 ने कमी पडला. दुसऱ्या वर्षी लोक 6 धरतात, 2 ने कमी. तिसऱ्या वर्षी 7, मग साडेसात. अंदाज दर वर्षी कमीच पडतो, एकदाही जास्त होत नाही. हेच ते मागे पडलेलं घड्याळ.

अंदाजातली ही तूट चालू असेपर्यंत मालकाला आपल्या मालाचा भाव मजुरीपेक्षा वेगाने वाढताना दिसतो, तो माणसं घेतो, उत्पादन वाढतं. तूट आटत गेली की वाढही आटते. उत्पादन वर टिकवायचं तर महागाई 8 वरून 10, मग 13 असं नेत राहावं लागतं. मिल्टन फ्रीडमनने अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेपुढे 1967 मध्ये केलेल्या अध्यक्षीय भाषणात हेच सांगितलं होतं.

आता त्याच गावात दुसऱ्या घड्याळाची माणसं ठेवा. बँक म्हणाली, 8 वर नेणार. लोकांचा विश्वास बसला. पहिल्याच दिवशी मजुरी, भाडं, व्याज सगळं 8 धरून ठरलं. तूट शून्य, उत्पादन जिथल्या तिथे, भाव मात्र 8 टक्क्यांनी चढले. बँकेने 8 सांगून 9 केले, तर तो वरचा 1 काम करेल. सार्जंट आणि वॉलेस यांनी 1975-76 मध्ये हे आणखी पुढे नेलं. 'मंदी आली की चलन वाढवायचं' असा नियम बँकेने केला आणि लोकांना तो माहीत असला, तर मंदी दिसताच लोक चलनवाढ गृहीत धरून भाव ठरवतात. नियमातलं जे आधी कळतं ते भावात विरघळतं, आणि उत्पादन हलवायला उरतो फक्त चकवा.

टीपकागद
'चकवा'! सर, हा शब्द घ्याच. 'अनपेक्षित घटक' वगैरे लिहिण्यापेक्षा हजारपट बरा. रानात चकवा लागला की माणूस ओळखीच्या वाटेवरच चुकतो, इथेही तेच.

कांदेवाला
मी येवल्याकडचा. शब्दांतलं कळत नाही, पण पहिल्या घड्याळाचे आम्हीच. गेल्या साली भाव मिळाला की यंदा बांधापर्यंत कांदा, आणि मग मातीमोल. पण शेवटचं पटलं नाही. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी एका रात्रीत आली. दोन महिने आधी सांगितली असती तर आम्ही लागवड कमी केली असती. म्हणजे सांगून केलेल्या धोरणाने उत्पादन बदललं असतं की. तुम्ही म्हणता बदलत नाही.

खडूफळा
दादा, तुमची हरकत बरोबर आहे आणि ती या सिद्धान्ताला लागत नाही. निर्यातबंदीने कांद्याचा इतर मालाच्या तुलनेतला भाव बदलतो, गिऱ्हाईकच कमी होतं. सांगून करा की न सांगता, लागवडीवर परिणाम होणारच. सांगितलं तर उलट जास्त नीट होईल. इथला दावा फक्त पैशाच्या बाजूचा आहे: सगळेच भाव आणि सगळीच मजुरी एका मापाने वाढणार असं सगळ्यांना कळलं, तर कुणाला जास्त पिकवायचं कारण उरत नाही. शब्दवेडी, तुमच्या वाक्यात 'धोरण'च्या आधी 'चलनविषयक' हा शब्द नाही. वर्ग हसला तो बहुधा त्यामुळे. अर्थसंकल्पातला कर, अनुदान, धरण यांना ते वाक्य लावायचंच नाही.

आणि तुमचं कांद्याचं उदाहरण रॉबर्ट लुकसच्या 1972 च्या लेखापाशी पोचतं. तुम्हाला दिसतो तो लासलगावचा भाव. तो 20 टक्के चढला तर कांद्याला मागणी आली की सगळंच महागलं, हे त्या सकाळी तुम्हाला कळत नाही. तुम्ही थोडं हे, थोडं ते धरून चालता, आणि त्या गोंधळातून उत्पादन हलतं. पुढे 1973 मध्ये लुकसने 18 देशांचे आकडे तपासले. अर्जेंटिना आणि पॅराग्वे इथे भाव नेहमीच उसळत, तिथे भाव चढला की लोक 'महागाईच' असं धरत आणि उत्पादन फारसं हलत नसे. रोज 'लांडगा आला' ओरडणाऱ्या पोराची गत.

सडेतोड
म्हणजे माझंच खरं. चलनविषयक धोरण निष्प्रभ. विषय संपला.

जुना कामगार
संपला कसा? पिंपरीत कारखान्यात होतो, युनियनच्या वाटाघाटीत बसायचो. आमचा वेतनकरार तीन वर्षांचा. सही केली तेव्हा महागाई किती धरायची यावर चार रात्री भांडलो. दुसऱ्या वर्षी महागाई चढली. ती चढणार हे चढायच्या आधी सहा महिने कॅन्टीनच्या पोऱ्यालाही कळलं होतं. पण करार झालेला! कळून काय उपयोग, आकडा बदलायला आणखी दीड वर्ष. तोवर मालकाला आम्ही स्वस्तात पडत होतो आणि ओव्हरटाइम जोरात चालू होता. महागाई भत्त्याचं कलम होतं, पण तो मागच्या आकड्यांवरच निघतो, म्हणजे पुन्हा तेच मागे पडलेलं घड्याळ.

खडूफळा
काका, हाच मुद्दा स्टॅन्ली फिशरने 1977 मध्ये मांडला. माणसं दुसऱ्या घड्याळाचीच धरा, पण मजुरी दोन वर्षांसाठी बांधलेली. करारानंतर काही घडलं, ते सगळ्यांना दिसलं, बँकेलाही दिसलं. बँक लगेच हात हलवू शकते, कामगाराला मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. मग सगळ्यांना दिसत असलेलं धोरणही उत्पादन बदलतं. म्हणून 'विवेकी अपेक्षा म्हणजे धोरण निष्प्रभ' हे समीकरण चूक आहे. निष्प्रभतेला दोन गोष्टी लागतात: अंदाज नीट असणं आणि भाव-मजुरी त्या अंदाजाबरोबर ताबडतोब बदलता येणं. सडेतोड, तुमची दुसरी राहिली.

सडेतोड
बरं, मान्य. पण मग महागाई उतरवताना? आधी सांगितलं तर फुकटात उतरायला हवी.

खडूफळा
यावर आमच्यातच एकमत नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा प्रमुख पॉल व्होल्कर याने 6 ऑक्टोबर 1979 रोजी, शनिवारी संध्याकाळी, पत्रकारांना बोलावून सांगितलं की आता चलनाला लगाम घालणार. सांगून केलं. तरी 1982 च्या अखेरीस बेकारी 10.8 टक्क्यांवर गेली. एक बाजू म्हणते, करारांमुळे. दुसरी म्हणते, लोकांचा विश्वासच नव्हता. आधी बऱ्याचदा लगाम घालून सोडून दिला होता. सार्जंट दुसऱ्या बाजूचा. त्याने पहिल्या महायुद्धानंतरचे जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, पोलंड दाखवले: सरकारने खर्चाची घडीच बदलली तेव्हा महागाई जवळजवळ एकाएकी थांबली आणि त्याची किंमत जुन्या हिशेबांपेक्षा पुष्कळ कमी पडली. मला स्वतःला दोन्ही कारणं थोडी थोडी वाटतात, पण किती-किती ते विचारू नका.

टीपकागद
म्हणजे 'जाहीर' आणि 'आधी कळलेलं' हे दोन वेगळे शब्द झाले. जाहीर करणं बँकेच्या हातात, कळणं-पटणं ऐकणाऱ्याच्या. नोट्समध्ये 'पूर्वघोषित धोरण' लिहिलंत तर अर्थ बिघडेल. 'आधीच ओळखलेलं धोरण' लिहा.

शब्दवेडी
आभार सगळ्यांचे. सध्या असं करते: 'मागावरचा अंदाज' आणि 'माहितीनिष्ठ अंदाज'. चकवा घेतला. वाक्य असं: "चलनविषयक धोरण लोकांनी आधीच ओळखलेलं असेल आणि भाव-मजुरी लगेच बदलता येत असतील, तर वास्तव उत्पादन बदलत नाही."

टीपकागद
'माहितीनिष्ठ' ठीक. 'मागावरचा' नको. माग म्हटलं की इचलकरंजी आठवते, नाहीतर पोलिसांचं कुत्रं.

कांदेवाला
'गेल्या सालचा अंदाज' लिहा ताई. आमच्याकडे कुणालाही समजेल.

खडूफळा
पण त्यात फक्त गेलं साल येतं, आणि केगनच्या रीतीत त्यामागची सगळी सालं कमी कमी वजनाने येतात. शिवाय परीक्षेत विद्यापीठ 'अपेक्षा'च छापणार, त्यामुळे तो शब्द निदान एकदा तरी द्यावाच लागेल.