राइस कुकरमधला केक: तुमचा कसा झाला?

हॉस्टेलवाली, विश्रामबाग (सांगली)
मैत्रिणीचा केक मध्ये कच्चा राहिला. तिला केलेला मेसेज तसाच टाकतेय, तुमचंही लिहा.

"अगं, बटण दहा मिनिटांत टक्कन उडालं म्हणजे केक झाला असं नाही. भातात पाणी आहे तोवर भांडं शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. पाणी आटलं की तळ तापतो आणि बटण उडतं. केकच्या पिठात मोकळं पाणी नसतंच, म्हणून तळ लवकर तापतो. लगेच दाबलंस तर बटण टिकणार नाही. झाकण न उघडता दहा मिनिटं थांब, मग दाब. मला चार वेळा दाबावं लागलं, सगळे मिळून पाऊण तास.

वाटीभर मैदा, अर्धी वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी दही, पाव वाटी तेल, अर्धा छोटा चमचा सोडा, लागेल तसं दूध. सोडा शेवटी घाल आणि लगेच तेल लावलेल्या भांड्यात ओत. मी सोडा घालून गप्पा मारत बसले, तर पहिला केक भाकरीसारखा चपटा झाला. भांडं अर्ध्याच्या वर भरू नकोस. शेवटी मधोमध सुरी घाल, कोरडी निघाली की झालं."

तासगावचा
आमच्याकडे बेदाण्याला तोटा नाही, मूठभर टाकले. सगळे तळाशी जाऊन करपले! आता कोरड्या मैद्यात घोळवतो आणि पीठ जरा घट्ट ठेवतो. तरी थोडे बुडतातच.

मिरजेची काकू
एवढा खटाटोप कशाला? कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मीठ पसरायचं, वर स्टँड ठेवून डबा ठेवायचा.

हॉस्टेलवाली
काकू, तो गॅसवरचा. हा विजेचा भाताचा कुकर आहे, यात मीठ नको. रूमवर गॅस असता तर काय हवं होतं!

थर्ड इयर
बटण उडू नये म्हणून मी चमचा अडकवतो. वीस मिनिटांत केक तयार.

कुकर दुरुस्तीवाला
तयार नव्हे, तळाला कोळसा. ते बटण उडतं तेच बरं आहे. अडकवून ठेवलं तर आतला फ्यूज जातो आणि कुकर माझ्याकडे येतो. महिन्याला दोन-तीन येतात असे. रव्याचा केक करून बघा, पीठ अर्धा तास भिजवून सोडा मग घाला. आमच्या घरी तोच जास्त जमतो. झाकणाला आतून सुती फडकं लावा, टोकं वर बांधा, म्हणजे वाफेचं पाणी केकवर टपकत नाही.

हॉस्टेलवाली
फडकं लावलं. चिकटपणा गेला, पण वरची बाजू इडलीसारखी पांढरीच. उलटून भाजायला गेले तर दोन तुकडे झाले. कुणाला न मोडता उलटता आलाय का? आणि व्हॅनिलाचा वास कॉरिडॉरभर जातो, त्याचं काय करता?

थर्ड इयर
वासाचं सोपं आहे. पहिला तुकडा रेक्टर मॅडमना.