'टेक केअर'ला मराठीत नक्की काय म्हणायचं?

चैत्रपालवी: गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका सीनियर सरांना मेसेजच्या शेवटी सवयीनं 'काळजी घ्या' लिहिलं, तर लगेच त्यांचा फोन आला, का गं, काय ऐकलंस माझ्याबद्दल? मला नुसतं टेक केअर म्हणायचं होतं. मराठीत काय लिहायला हवं होतं? आणि हिंदीवाल्या कलीगला 'अपना ख़याल रखना' चालेल का, की तेही जास्त होतं?

जुनापेटारा: शब्द बरोबर होता, वजन जास्त झालं. इंग्रजीत टेक केअर हे निघताना सहज म्हणून टाकायचं असतं, ऐकणारा त्याचा अर्थ लावत बसत नाही. मराठीत मात्र 'काळजी' म्हणजे चिंतासुद्धा, म्हणून कारण नसताना 'काळजी घ्या' म्हटलं की समोरच्याला वाटतं काहीतरी बिनसलंय. आजारी माणूस, बाळंतपणाला निघालेली बहीण, पहिल्यांदा परगावी चाललेला मुलगा, तिथे ते अगदी चपखल बसतं. २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे प्रत्येक मेसेजच्या शेवटी 'काळजी घ्या' आलं, तेव्हा कारण सगळ्यांनाच माहीत होतं म्हणून खटकलं नाही. सरांना नुसतं 'बरं सर, येते' किंवा 'भेटू सोमवारी' पुरे होतं.
हिंदीत 'अपना ख़याल रखना' जवळच्यांसाठी. कलीगला 'ठीक है, मिलते हैं', वयानं मोठं कुणी असेल तर 'अच्छा, चलती हूँ, नमस्ते'.

लीड्सकर: माझा अनुभव सांगतो. इथे इंग्लंडात आलो तेव्हा दुकानातल्या काउंटरवरच्या बाई रोज पैसे परत देताना 'सी यू लेटर' म्हणायच्या आणि मला वाटायचं ह्या संध्याकाळी परत भेटणार आहेत की काय, नंतर कळलं की तिथे तो नुसता निरोप आहे, ओळख असो नसो. मराठीत अनोळखी दुकानदाराला आपण 'भेटू' म्हणत नाही ना? 'चला, येतो' म्हणतो.

गोदाकाठ: सोपं आहे हो, मित्र असेल तर 'चल', मोठा असेल तर 'चला'.

जुनापेटारा: अर्धं बरोबर. 'चल' तू म्हणण्याइतक्या माणसालाच, हे खरं. पण 'चला' फक्त आदरार्थी नाही, 'चला, निघतो आता' मधलं 'चला' माणूस स्वतःलाच उठवायला म्हणतो, म्हणून ते मित्रासमोरही चालतं. मोठ्यांना नुसतं 'चला' म्हणून उठू नये, मागे 'येतो' हवंच. त्याहून अदबीचं 'येऊ का?', त्यावर घरचे म्हणतात, 'या हं, सावकाश जा'.

चैत्रपालवी: 'जातो' का नाही म्हणायचं? आजी ओरडायची.

जुनापेटारा: 'जातो' म्हणजे कायमचाच गेला असं कानाला लागतं, म्हणून जाताना येण्याचं बोलायचं. ह्याची दुसरी बाजू बघा, कुणाच्या घरी दुखवट्याला गेलं तर उठताना बरेच लोक 'येतो' म्हणत नाहीत, हात जोडून गप निघतात. अशा कारणानं परत येणं नको, म्हणून.

हिंगणघाट_एक्स्प्रेस: आमच्या विदर्भात दोस्ताला 'चल बे, येतो' म्हणतात, त्यात कुणाला आदर कमी वाटत नाही. पण हिंदीत गडबड होते. कानपूरला रूममेटच्या घरी जेवलो आणि निघताना म्हणालो, 'अच्छा आंटी, आता हूँ'. आंटींनी परत चहा ठेवला! त्यांना वाटलं मी कोपऱ्यावर जाऊन येतोय. मी स्टेशनवर पोचलो तेव्हा रूममेटचा फोन, कुठे आहेस, मम्मी वाट बघतेय. फार वाईट वाटलं.

जुनापेटारा: हे उदाहरण मोलाचं आहे. मराठी 'येतो'ची जागा हिंदीत 'चलता हूँ' घेतं. 'आता हूँ' म्हणजे खरंच थोड्या वेळात परत येणं.

गोदाकाठ: मग 'अलविदा' म्हणायचं, सरळ गुडबाय.

हिंगणघाट_एक्स्प्रेस: नको रे बाबा! रोज भेटणाऱ्याला अलविदा म्हटलं तर तो घाबरेल. ते कायमच्या निरोपाला. रमझानच्या शेवटच्या शुक्रवारलाही अलविदा जुमा म्हणतात, त्यात महिना संपत आल्याची हुरहूर असते.

चैत्रपालवी: एक अजून विचारते. शाळेतली मैत्रीण, रोज बोलणं होतं. ती रात्री उशिरा रिक्षानं जाते तेव्हा मी 'काळजी घे' म्हणत नाही, 'पोचलीस की फोन कर' म्हणते. हे टेक केअरमध्ये बसतं का?

जुनापेटारा: अगदी बसतं, आणि जवळच्या माणसाला खरं टेक केअर मला तरी हेच वाटतं. 'सांभाळून जा', 'पोचलीस की मिस्ड कॉल दे', 'जेवून घे वेळेवर', ह्यात 'काळजी' शब्द येतच नाही.

लीड्सकर: मला पटत नाही. माझी मुलगी इथे वाढली, ती फोन ठेवताना 'बाबा, काळजी घ्या' म्हणते आणि मला ते ऐकायला आवडतं. तिच्याकडून ते जड वाटत नाही.

जुनापेटारा: मुलगी म्हणते म्हणून. सरांना तसं वाटायचं कारण नव्हतं. पण इतकं कानावर पडतंय की पुढच्या पिढीला ते हलकं वाटेल, असंही होईल.

चैत्रपालवी: आज सरांना 'बरं सर, भेटू सोमवारी' लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, 'हो, ये'.