मदत हवी आहे: मुलीच्या शाळाप्रवेशासाठी पालकांचं निवेदन

मृणाल_सातारकर
आम्ही बॉस्टनजवळ राहतो. लेक आठवीत आहे, नववीसाठी एका खाजगी शाळेत अर्ज करतोय. एसएसएटी ही प्रवेशपरीक्षा देऊन झाली. गणिताच्या आणि इंग्रजीच्या बाई शिफारसपत्रं परस्पर शाळेकडे पाठवतील, ती आम्हाला दिसणार नाहीत. राहिलंय ते आम्ही पालकांनी लिहायचं निवेदन, मुदत 15 जानेवारी. मुलीचं वर्णन करा, तिला कुठे मदत लागते ते लिहा, असे प्रश्न आहेत.

मी लिहिलं, "ती हुशार, जिज्ञासू, जबाबदार आणि मनमिळाऊ आहे." वाचून पाहिलं तर हे कुठल्याही मुलीबद्दल खरं वाटेल. पोटच्या पोरीचं कौतुक आपणच करायला मन धजत नाही आणि न करावं तर तिचं नुकसान होईल अशी धास्ती वाटते. शिवाय ती निबंध वेळेवर देत नाही. पहिला परिच्छेद चार-पाच वेळा खोडून पुन्हा लिहिते. सातवीत त्यापायी इंग्रजीचे गुण गेले. हे लिहावं का?

पराग७७
अजिबात लिहू नका. आपल्या हाताने उणी बाजू कशाला दाखवायची? आणि विशेषणं नकोत, प्रसंग लिहा. आम्ही मुलाची सगळी पदकं लिहिली होती.

आजोबा_कोथरूड
शाळेला मुलाची किंवा पालकांची चाळणी लावताच येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 13 वाचा. आमच्या नातवाच्या वेळी मी ते छापूनच नेलं होतं.

मृणाल_सातारकर
काका, तो भारतातला कायदा. इथल्या खाजगी शाळा परीक्षा, मुलाखत सगळं घेतात.

वैशाली_देव
मी इथल्याच एका शाळेच्या प्रवेश समितीत सहा वर्षं अर्ज वाचले. परागजींचं प्रसंगांबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, उण्या बाजूबद्दलचं नाही. तुमचं निवेदन सुटं वाचलं जात नाही. शेजारी गुणपत्रक आणि बाईंचं पत्र असतं. सातवीचे गुण तिथे दिसतातच आणि इंग्रजीच्या बाई उशिराबद्दल लिहिण्याची शक्यता दाट आहे. तुम्ही "अत्यंत वक्तशीर" लिहिलंत, तर आम्ही बाईंवर विश्वास ठेवतो आणि मग तुमच्या बाकीच्या ओळींवरही शंका येते. तुम्हीच आधी लिहिलंत, तर घरात हे कळलंय आणि त्यावर काही चाललंय एवढं समजतं.

पदकं अर्जात दुसरीकडे येतात. पालकांकडून हवं असतं ते शाळेला न दिसणारं. कुणी सांगितल्याशिवाय, गुण मिळणार नसताना ती कशात वेळ घालवते?

मृणाल_सातारकर
उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही, एकटं बाहेर पडायची भीती. लेकीने त्यांना वाचनालयापर्यंतचा बसचा नकाशा काढून दिला, ठळक मराठी अक्षरांत. आधी स्वतः दोनदा जाऊन आली. आजींचे गुडघे दुखतात म्हणून वाटेतली बाकडी त्यात दाखवली. पहिल्या नकाशात रस्ता ओलांडायची जागा चुकली होती, म्हणून सगळा पुन्हा काढला. पण हे घरगुती झालं ना?

वैशाली_देव
हेच लिहा. "जबाबदार" हा शब्दही लागणार नाही. आणि पाहा, नकाशा पुन्हा काढणारी आणि परिच्छेद खोडणारी मुलगी एकच आहे. दोन्ही एकाखाली एक आलं, की ती कशी आहे ते कळतं. फक्त "ही उणीव म्हणजे खरं तर गुणच" असं लिहू नका, ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. काय उपाय केला आणि किती जमलं, तेवढंच सांगा.

मृणाल_सातारकर
इंग्रजीत लिहिलं, इथे मराठीत देते: "नकाशा तिने दोनदा काढला, कारण पहिला चुकला होता. निबंधात मात्र हीच सवय तिला अडवते. सातवीत तीन निबंध उशिरा गेले. या वर्षी बाईंनी कच्चा मसुदा दोन दिवस आधी द्यायला सांगितलाय. ऑक्टोबरपासून एकच उशिरा गेला. तरी अजून आम्हाला आठवण करावी लागते."

पराग७७
शेवटचं वाक्य काढा हो. एवढं कशाला?

वैशाली_देव
राहू द्या. त्याच वाक्यामुळे आधीच्या ओळी खऱ्या वाटतात. आणि पाठवण्याआधी मुलीला वाचायला द्या. मुलाखतीत नकाशाबद्दल विचारतील, तेव्हा तिला माहीत असायला हवं.

शर्वरी_म
मी नाही दिलं वाचायला. माझ्या मुलाने वाचलं असतं तर मुलाखतीत माझीच वाक्यं म्हणून दाखवली असती.

मृणाल_सातारकर
मलाही तीच काळजी आहे. शिवाय उशिराचं वाचून ती खट्टू होईल. आज रात्री नकाशाचा भाग वाचून दाखवते, पुढचं तिचा चेहरा बघून ठरवेन.