प्रतिसाद: खाडीचे पाणी निळे का दिसत नाही?

> "समुद्र आकाशाच्या प्रतिबिंबामुळे निळा दिसत असेल, तर वाशी पुलावरून तेच आकाश असताना खाडी मातकट का?"

प्रतिबिंबाचा वाटा असतो, पण तो मुख्य नव्हे. १९२१ साली जहाजातून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी निकोल लोलकातून पाहून पृष्ठभागावरील परावर्तन बरेचसे वगळले, तरी समुद्राची निळाई टिकून होती.

शुद्ध पाणी तांबडा प्रकाश शोषते. पाच मीटर खोलीवर ६५० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश पाचव्या हिश्श्याहूनही कमी उरतो, तर ४४० नॅनोमीटरचा निळा जवळजवळ सगळा शिल्लक असतो. खोल समुद्रात प्रकाशाला बराच प्रवास करून विखुरत वर यावे लागते, म्हणून परतणारा प्रकाश निळाच असतो. तो वर आलाच नसता, तर पाणी काळे दिसले असते.

ठाण्याच्या खाडीत मात्र भरती-ओहोटीने ढवळलेले गाळाचे कण प्रकाशाला वरच्या थरातूनच मागे फिरवतात. समजा, तो जाऊन-येऊन अर्धा मीटरच चालला, तर पाण्याने त्यातला तांबडा भाग जेमतेम सहावा हिस्सा शोषलेला असतो. शिवाय कांदळवनातील कुजलेल्या पानांतून विरघळणारी द्रव्ये आणि खुद्द गाळ नेमका निळा प्रकाश शोषतात, त्यामुळे उरतो तो पिवळट-तपकिरी रंग.

यांतले कोणते कारण मोठे, हे काचेच्या उंच बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवल्यास कळू शकते: गाळ खाली बसल्यावरही पिवळसर झाक राहिली, तर ती बहुधा विरघळलेल्या द्रव्यांची समजावी.