बोअरचं पाणी 130 फुटांवर गेलंय. वरची मोनोब्लॉक चालेल की सबमर्सिबलच घ्यावी?

मोसंबीवाली, जालना
आमची विहीर 48 फुटांची, फेब्रुवारीच्या शेवटालाच आटली. शेजारी 280 फुटांचा साडेसहा इंची बोअर आहे. त्यात दगड बांधून दोरी सोडली तर पाणी 130 फुटांवर लागलं. मोसंबीची 220 झाडं आहेत, ठिबक आहे. विहिरीवरची पाच एचपीची मोनोब्लॉक चांगली चालू आहे, ती बोअरवर लावू का? बांधाशेजारचे काका म्हणतात, साडेसात एचपीची घे, ती ओढेल. सबमर्सिबल जळली की काढायचाच खर्च फार, म्हणून भीती वाटते.

बोअरफिटर
ताई, मोनोब्लॉक काढून बोअरवर ठेवायचा विचार आजच सोडा. साडेसात काय, पन्नास एचपीची ठेवली तरी 130 फुटांवरून थेंब येणार नाही. वरचा पंप पाणी ओढत नाही. तो फक्त आपल्या तोंडाशी पाइपातला दाब कमी करतो, आणि बाहेरची हवा बोअरमधलं पाणी पाइपात वर ढकलते. समुद्रकाठी हवेचा हा दाब पाण्याला जास्तीत जास्त 34 फूट वर नेतो. आपला भाग उंचावर आहे, तिथे 32 धरा. त्यातून फूटव्हॉल्व्हचा अडथळा, पाइपाची घासण आणि सांध्यातून शिरणारी हवा वजा केली की हातात 20-22 फूट राहतात. एचपी वाढवली म्हणजे वर आलेलं पाणी पुढे जास्त जोरात फेकता येतं. खालचा हवेचा दाब कुणाच्या मोटारीने वाढत नाही.

काकांचं म्हणणं कुठून येतं तेही मला माहीत आहे. विहीर भरलेली असताना मोठी मोटार खरंच जास्त पाणी देते. पण तेव्हा पाणी पंपापासून दहा-बारा फुटांवर असतं.

जुनी_विहीर
एवढ्या घाईने निकाल देऊ नका. आमच्या वडिलांनी तीस वर्षं मोनोब्लॉकवरच बागाईत केली आणि आमची विहीर 60 फूट खोल. विहिरीत 40 फुटांवर कपारीत लोखंडी गर्डर टाकून मोटार खाली उतरवायची, पाणी खाली गेलं की मोटारही खाली. गावातला कुठलाही मिस्त्री ती खोलतो, बेअरिंग, सील तासाभरात बदलतो. सबमर्सिबलला काय झालं ते वरून दिसतच नाही. तिपाई लावा, चेन पुली आणा, चार माणसं, तेरा पाइप काढा, तेव्हा कळणार की केबलचा सांधाच गेला होता.

बोअरफिटर
दादा, तुमचं बरोबर आहे, पण ते विहिरीला. विहिरीत माणूस आणि मोटार दोन्ही उतरतात. साडेसहा इंची बोअरमध्ये मोनोब्लॉक उतरवणार कशी? आणि मोटार खाली ठेवलेली असताना वळवाचा एकच पाऊस झाला की ती पाण्याखाली जाते. भर रात्री लाइट आल्यावर ओल्या गर्डरवर उतरून पंपात पाणी भरणाऱ्या माणसाचं काय होऊ शकतं, ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून या पद्धतीची बाजू मला घेववत नाही.

जेटवाले_भाऊ
वरचा पंप खोल पाणी काढत नाही हे पूर्ण खरं नाही. आमच्या घरी जेट पंप आहे, मोटार जमिनीवर आणि पाणी 90 फुटांवरून येतं. बोअरमध्ये दोन पाइप सोडायचे, बस. बिघडली तर मोटार समोरच आहे. ताईंनी जेट लावावा, सबमर्सिबलच्या निम्म्यात काम होईल.

वाइंडर
भाऊ, जेट चालतो ते मान्य. पण कसा चालतो ते बघा. वरचा पंप उपसलेल्या पाण्यातलं बरंचसं पाणी एका पाइपाने परत खाली पाठवतो, खालच्या जेटमधून ते जोरात सुटतं आणि आजूबाजूचं पाणी दुसऱ्या पाइपात ढकलतं. म्हणजे तेच पाणी पुन्हापुन्हा फिरत राहतं. जितकं खोल जाल तितकं परत पाठवायचं पाणी वाढतं आणि टाकीत पडणारं घटतं. घरची टाकी भरायला ते पुरतं. 220 झाडांना उन्हाळ्यात पुरणार नाही. तुमचे 90 फूट पाणी स्थिर असतानाचे की पंप तासभर चालल्यानंतरचे, तेही मोजलं आहे का?

जेटवाले_भाऊ
चालू असताना कधी मोजलं नाही. अर्ध्या तासाने पाणी तुटक येतं, मग बंद करतो. हजाराची टाकी भरायला सकाळ जाते हेही खरं.

माडाची_वाडी
आमच्याकडे गुहागरला विहिरीचं पाणी 15 फुटांवर असतं. एक एचपीचा साधा पंप बारा वर्षं चालतोय, मे महिन्यातही. लोक उगाच सबमर्सिबलच्या मागे लागतात.

बोअरफिटर
काकू, 15 फुटांना मीही तुम्हाला साधाच पंप सांगेन. जालन्यात 130 आहे, तिथे तो हिशोब लागत नाही.

ताई, आता कामाचं बोलू. 130 फूट ही बंद बोअरची पातळी झाली. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून येतं. उपसा सुरू झाला की पातळी झपाझप उतरते आणि भेगांतून येणारं पाणी उपशाइतकं झालं की थांबते. ती थांबलेली पातळी महत्त्वाची. फिटरला टेस्ट पंप लावायला सांगा, दोन तास चालवा, दर पंधरा मिनिटांनी दोरीने मोजा आणि 200 लिटरचं ड्रम किती वेळात भरतं ते बघा. आकडे इथे टाका, मग एचपी सांगतो.

मोसंबीवाली, जालना
काल चाचणी झाली. पाणी पहिल्या तासात 130 वरून 180 ला गेलं, नंतर हळूहळू 190 ला थांबलं. ड्रम 2 मिनिटं 40 सेकंदांत भरलं, दुसऱ्या तासातही तेवढ्याच वेळात. दुकानदार म्हणाला, पाच एचपी घ्या, पुढे पाणी खाली गेलं तर उपयोगी पडेल.

बोअरफिटर
म्हणजे तासाला साडेचार हजार लिटर. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात रोज साधारण 100 लिटर धरलं तर 22 हजार लागतात. पाच तासांचं काम, आणि आठ तास लाइट मिळते. बोअर पुरतो.

आता पंपाला किती चढ आहे ते बघा. 190 फूट म्हणजे 58 मीटर. पाइपातली घासण आणि वर पडायची उंची धरून 64 धरा. सेकंदाला सव्वा लिटर पाणी 64 मीटर चढवायला निव्वळ एक एचपीच्या थोडं वर लागतं. पंप त्याला दिलेल्या ताकदीचं निम्मंच पाण्यात उतरवतो, म्हणून शाफ्टवर दोन एचपी. तीन एचपीची मोटार तुम्हाला नीट बसते.

पाच घेऊ नका, मी हात जोडून सांगतो. ती बोअरच्या आवकीपेक्षा जास्त उपसेल, पातळी पंपाच्या तोंडाशी येईल, पंप पाण्याऐवजी हवा घेईल आणि कोरडी फिरून जळेल. मोटार जळल्याच्या बहुतेक गोष्टी इथूनच सुरू होतात. पंप 230 फुटांवर सोडा. थांबलेल्या पातळीच्या खाली 40 फूट पाणी राहतं आणि तळाचा गाळही 50 फूट लांब राहतो.

वाइंडर
मी रोज जळलेल्या मोटारी खोलतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली, कोरडी चाललेली मोटार खोलली की आत पाण्याचा थेंब नसतो आणि थ्रस्ट बेअरिंग काळं पडून घासलेलं असतं. दुसरी, एक फेज गेलेली मोटार. तिच्यात वाइंडिंगचे काही गठ्ठे कोळसा झालेले आणि बाकीचे लखलखीत, अगदी कालच भरल्यासारखे. गिऱ्हाईक म्हणतं कंपनी वाईट. पण पॅनेल बघायला गेलो तर फेज गेल्यावर मोटार बंद करणारं यंत्र तार जोडून बाजूला काढलेलं असतं, कारण दोन फेजवर कॅपॅसिटर लावून मोटार चालवायची असते. ताई, ते यंत्र आणि ड्राय रन बंद करणारं, दोन्ही बसवा आणि रात्रपाळीला कुणालाही हात लावू देऊ नका.

पॅनेलवर अँपिअर मीटर असू द्या. पहिल्या दिवशी पाणी भरपूर असताना काटा कुठे असतो ते भिंतीवर लिहून ठेवा. काटा त्याच्या खाली घसरला की पंप हवा घेतोय. वर चढला की गाळ अडकलाय किंवा व्होल्टेज पडलंय. वरची मोटार कानाने कळते, खालची काट्यावरून कळते. आणि पाणी भरलेली मोटार असेल तर सोडण्याआधी तिच्यात स्वच्छ पाणी भरून बुच घट्ट करा. हे विसरल्याने पहिल्याच तासाला गेलेल्या मोटारीही माझ्याकडे आल्या आहेत.

जुनी_विहीर
मोनोब्लॉक वाया घालवू नका एवढंच माझं म्हणणं. बोअरचं पाणी विहिरीत सोडा आणि विहिरीवरून मोनोब्लॉकने ठिबकला द्या. ठिबकला लागणारा जोर बोअरच्या पंपावर पडणार नाही. लाइट कधीही आली तरी पाणी साठलेलं असेल.

बोअरफिटर
हे मला पटतं, एक शंका सोडून. ताई, तुमची विहीर उन्हाळ्यात आटते म्हणजे तिच्या भोवतीचा मुरूम कोरडा आहे. त्यात सोडलेलं पाणी मुरणार. किती, ते विहिरीवर अवलंबून.

मोसंबीवाली, जालना
तीन एचपीची बसवली, पाणी छान आलं, काटा भिंतीवर लिहिला. जुनी_विहीर दादांचं ऐकून पाच तास विहिरीत सोडलं. व्यास 20 फूट, अडीच फूट चढलं. दगडावर खडूने रेघ मारली. सकाळी बघितलं तर रेघेच्या 14 इंच खाली.

बोअरफिटर
म्हणजे साडेबावीस हजारांतले साडेदहा हजार गेले. रात्रीतून निम्मं. माझ्या मते सरळ बोअरवरून ठिबकला द्या. बागेचे दोन भाग करून एकावेळी 110 झाडांचे व्हॉल्व्ह उघडा. चढ ठिबक आणि फिल्टर धरून 80 मीटरच्या आसपास जाईल. तेवढ्याला तुमच्या पंपाचे स्टेज पुरतात का, ते पंपावरच्या पाटीवर बघा.

जुनी_विहीर
पहिल्याच रात्रीवरून ठरवू नका. मुरूम तहानलेला असतो, भिजला की मुरणं कमी होतं. आठवडाभर रोज रेघ मारा.

वाइंडर
कमी होईल, थांबणार नाही. आणि तोवर मुरलेल्या प्रत्येक फुटाचं पाणी बोअरमधून 190 फूट वर आणलेलं असेल. विहिरीतच कागद अंथरता येतो का ते बघा.

मोसंबीवाली, जालना
पाटीवर कमाल चढ 92 मीटर लिहिलाय, पण त्या चढाला पाणी किती ते लिहिलेलं नाही. दुकानातून पंपाचा तक्ता मागवलाय. तोवर चार दिवस रेघा मारते. आज सकाळी 11 इंच होतं.